एसीएफचा फोटो आला आणि मी आधी घाईत उत्तर दिलं

रात्री साडेनऊला फोनवर एक फोटो आला. लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाईलने काढलेला, तिरका, वरच्या कोपऱ्यात लाईटची चमक, आणि खाली आमच्या ज्युनिअरची एकच ओळ, "ताई, महिन्याचा पाऊस इंडिपेंडंट धरला तर चालेल ना?"

फोटोत ऑटोकोरिलेशनचा, म्हणजेच एसीएफचा, प्लॉट होता, मालिकेचा स्वतःच्याच एक, दोन, तीन महिने मागच्या आकड्यांशी किती संबंध आहे ते बारने दाखवणारा, आणि तेवढं मागे जाणं म्हणजे लॅग. उभे बार, आधी वर, मग शून्याच्या खाली, मग परत वर, समुद्राच्या लाटेसारखे, आणि दोन निळ्या तुटक रेषांच्या आत बसलेले बार जेमतेम चारपाच. मी दहा सेकंदात टाईप केलं, "अजिबात नाही, बघ की किती बार बाहेर आहेत" आणि झोपले. सकाळी चहा पिताना लक्षात आलं की उत्तर अर्धंच बरोबर होतं आणि कारण तर पूर्णच चुकीचं. मग पुढचे दोन दिवस आम्ही दोघांनी मिळून हे नीट केलं, ते लिहून ठेवतेय कारण मला स्वतःलाच परत लागेल.

आधी फोटो नीट वाचायचा होता. त्याने सकाळी भेटल्या भेटल्या सांगितलं, "लॅग 1 ला 0.6 आहे ताई, म्हणजे पुढच्या महिन्याचा पाऊस या महिन्यावर चांगलाच अवलंबून आहे." मी फोटो मोठा करून बघितला तर खालच्या अक्षावर 0.0, 0.5, 1.0, 1.5, 2.0 असे आकडे. अर्धा लॅग कुठून येणार? त्याने डेटा आरमध्ये मासिक मालिका म्हणून, frequency = 12 देऊन घातला होता, आणि तसं केलं की `acf` लॅग महिन्यांत नाही तर वर्षांत दाखवतं. म्हणजे तो ज्याला लॅग 1 म्हणत होता तो बारावा महिना होता. खरा एका महिन्याचा लॅग म्हणजे 0.083 वरचा बार, अगदी डावीकडे, शून्यावरच्या त्या उंच बारला चिकटलेला. आणि तो शून्यावरचा 1 उंचीचा बार म्हणजे मालिकेचा स्वतःशीच संबंध, तो नेहमी 1 च असतो, त्यात बघण्यासारखं काही नाही. फोटोवरून एक गोष्ट मात्र मला छान काढता आली, किती महिन्यांचा डेटा आहे ती. त्या निळ्या रेषा 1.96 भागिले एकूण संख्येचं वर्गमूळ इतक्या अंतरावर असतात. फोटोत त्या 0.10 च्या जरा वर होत्या, म्हणजे संख्या साडेतीनशेच्या आसपास. "तीस वर्षं ना?" विचारलं तर तो चक्रावला. 360 महिने, रेषा 0.103 वर.

तर बारची खरी उंची अशी होती. एका महिन्याच्या लॅगला साधारण 0.5, सहाला उणे 0.45, बाराला 0.6, चोवीसला जवळपास 0.58.

आता माझी रात्रीची चूक. मी हे बघून मनात म्हटलं होतं की पावसाला जबरदस्त मेमरी आहे. पण मेमरी असती तर बार असे दिसले नसते. समजा या महिन्याचा परिणाम पुढच्यावर 0.5 इतका पडतो, तर त्याच्या पुढच्यावर 0.25, मग 0.125, असं निम्मं निम्मं होत बाराव्या महिन्यापर्यंत ते 0.0002 व्हायला हवं, म्हणजे काहीच उरायला नको. इथे बाराव्याला 0.6, म्हणजे पहिल्यापेक्षाही जास्त! एक वर्ष जुना पाऊस मागच्या महिन्यापेक्षा जास्त लक्षात राहतोय, असं कसं होईल. ही पावसाची आठवण नव्हे, हे कॅलेंडर आहे. ऑटोकोरिलेशन काढताना प्रत्येक आकड्यातून सगळ्या 360 महिन्यांची एकच सरासरी वजा होते. पावसाचे महिने दरवर्षी त्या सरासरीच्या वर आणि कोरडे महिने दरवर्षी खाली, त्यामुळे बारा महिन्यांच्या अंतराने वर-वर आणि खाली-खाली अशा जोड्या जुळतात, सहा महिन्यांच्या अंतराने उलट्या. 12 आणि 24 च्या बारमध्ये जो किंचित उतार दिसतो तोही मेमरी कमी झाल्याचा नाही. चोवीसच्या लॅगला जोड्या 336 च मिळतात पण खाली भागताना बेरीज पूर्ण 360 आकड्यांवरचीच असते, म्हणून बार थोडा बुटका होतो, बाकी काही नाही.

त्याला हे तोंडी पटत नव्हतं, खरं तर मलाही आकड्यात बघायचं होतं, म्हणून एक गंमत केली. प्रत्येक महिन्याचे तीस आकडे त्याच महिन्याच्या जागेत ठेवून फक्त वर्षं पिसली, पत्ते पिसतो तशी, आणि प्रत्येक महिन्यासाठी वेगळी. म्हणजे पहिल्या महिन्यात कुठल्या तरी वर्षाचा पहिला महिना, दुसऱ्यात दुसऱ्याच कुठल्या वर्षाचा दुसरा महिना. असं केल्यावर एका महिन्याचा पुढच्याशी जो काही खरा संबंध असेल तो मेलाच. मग परत प्लॉट काढला आणि लाट जशीच्या तशी! बाराव्याला परत 0.6. दोन्ही प्लॉट शेजारी ठेवले तर कुठला खरा हे ओळखता येईना. तेव्हा तो म्हणाला, "मग या फोटोत काहीच नव्हतं का?" होतं की, ऋतू होते, पण ते आपल्याला आधीच माहीत होतं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोत नव्हतं, ना हो ना नाही.

आणि त्याचा प्रश्न नक्की काय होता हे विचारायचं मी रात्री विसरलेच होते. त्याला सलग तीन महिने पाऊस कमी पडण्याची शक्यता काढायची होती. त्याने 50 मिमीच्या खालचे महिने मोजले, 360 पैकी 210, म्हणजे 0.583, त्याचा घन केला, आलं 0.198, आणि हा गुणाकार चालतो का एवढंच त्याला विचारायचं होतं. नुसतं मोजून बघितलं तर सलग तीन महिन्यांचे 358 गट होतात, त्यातले 148 तिन्ही कमीवाले, म्हणजे 0.41. दुपटीचा फरक. कारण उघड आहे, कोरडे महिने एकमेकांना लागूनच येतात. गुणाकार इथे चुकला तो महिने एकमेकांवर अवलंबून आहेत म्हणून नाही, तर सगळ्या महिन्यांना एकच शक्यता लावली म्हणून. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि "इंडिपेंडंट" या एका शब्दात आपण दोन्ही कोंबतो. आकडे स्वतंत्र असू शकतात आणि तरी एकसारख्या वाटपातले नसू शकतात.

मग ऋतू काढून टाकले. प्रत्येक महिन्याच्या तीस आकड्यांची आपली आपली सरासरी वजा केली, आपल्या आपल्या एसडीने भागलं, आणि उरलं त्याचा प्लॉट.

```r
p <- as.numeric(rain)
m <- rep(1:12, 30)
z <- ave(p, m, FUN = function(v) (v - mean(v)) / sd(v))
acf(z)
Box.test(z, lag = 12, type = "Ljung-Box")
plot(z[-360], z[-1])
```

`z` हा साधा वेक्टर आहे म्हणून अक्ष आता महिन्यांत आला, तो वर्षांचा घोळ संपला. आणि लाट गायब! पंचवीस बारपैकी बहुतेक सगळे रेषांच्या आत, 17 च्या लॅगला एक बार उणे 0.11, आणि लॅग 1 ला 0.13.

17 वाला मी सोडून दिला. पूर्ण रँडम आकडे असले तरी प्रत्येक बार रेषेबाहेर जायची शक्यता साधारण 5 टक्के असते, पंचवीस बार असले की एखाद-दुसरा बाहेर दिसणारच, आणि सतरा महिन्यांनी पावसाला काही आठवावं असं कारणही सुचत नाही. लॅग 1 चं तसं नाही. मागच्या महिन्याचा पुढच्याशी संबंध असू शकतो, तिथे बार बाहेर असेल तर थांबून बघायला हवं.

तो खूश होता कारण ल्युंग-बॉक्स टेस्टमध्ये पी व्हॅल्यू 0.27 च्या आसपास, म्हणजे नेहमीच्या 0.05 च्या बरीच वर आली होती. "ताई पास झालं की!" पण ही टेस्ट बाराही लॅग एकत्र धरते, आणि अकरा शांत बारांच्या गर्दीत एक बाहेरचा बार बुडून जातो. तीच टेस्ट `lag = 1` देऊन केली तर पी 0.013. डेटा तोच, टेस्ट तीच, फक्त किती लॅग धरले त्यावर पास-नापास बदललं. म्हणून मी आता किती लॅग बघायचे ते आधी ठरवते, निकाल बघून नाही.

मग ती कोडमधली शेवटची ओळ चालवली, या महिन्याचा फरक आडवा आणि पुढच्या महिन्याचा उभा, असे 359 ठिपके. आणि इथे खरी मजा आली. जवळजवळ सगळे ठिपके मध्यभागी मुंग्यांसारखे जमलेले, कुठलाही कल नाही, आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात एकच ठिपका एकटा बसलेला, आडवा 5.2, उभा 5.2.

तो कुठला महिना हे शोधलं. कोरड्या काळातले दोन लागोपाठचे महिने निघाले. पहिल्या महिन्यात तीस वर्षांपैकी अठ्ठावीस वर्षं शून्य पाऊस, एका वर्षी 7 मिमी आणि या वर्षी 41. सरासरी 1.6, एसडी साधारण 7.5. म्हणजे शून्य पावसाची वर्षं उणे 0.2 वर एका ढिगात बसली आणि 41 मिमी एकदम 5.2 वर गेला. पुढच्या महिन्याचंही तेच, सत्तावीस शून्य, 3, 5 आणि या वर्षी 38. 41 मिमी म्हणजे भर पावसाच्या महिन्यात कुणी ढुंकूनही बघणार नाही इतका फरक, पण कोरड्या महिन्याच्या इवल्याशा एसडीने भागल्यावर तो तीस वर्षांतला सगळ्यात मोठा आकडा होऊन बसला. (तीस आकडे असले तर कुठलाही एक जास्तीत जास्त 5.3 पर्यंतच जाऊ शकतो, म्हणजे हे दोघं जवळजवळ छताला टेकले होते.)

आता याचा लॅग 1 वर किती भार पडला ते बघा, हा हिशोब कागदावर होतो. वरची बेरीज म्हणजे जोड्यांचे गुणाकार, खाली सगळ्यांच्या वर्गांची बेरीज. प्रत्येक महिन्याला त्याच्याच एसडीने भागलंय म्हणून खालची बेरीज 12 गुणिले 29, म्हणजे 348 च येते. या एका जोडीचा गुणाकार 5.2 गुणिले 5.2, म्हणजे सुमारे 27. 27 भागिले 348 म्हणजे 0.078. लॅग 1 च्या 0.13 पैकी 0.078 एका ठिपक्याने आणलेले! 359 जोड्यांमधल्या एका जोडीने निम्म्याहून जास्त.

पण हे बघून लगेच ठिपका काढून टाकायची घाई मला नको होती, आउटलायर म्हणून नको तो आकडा पुसणं फार सोपं असतं. दोन्ही महिन्यांचा पाऊस खरा असेल तर तो खरा आहे. म्हणून रोजचा डेटा काढला. पहिल्या महिन्याचे 41 मिमी सगळेच्या सगळे शेवटच्या दोन दिवसांत, आणि दुसऱ्याचे 38 पहिल्या तीन दिवसांत. एकच झड होती, पाच दिवसांची, आणि महिना बदलला म्हणून तिचे दोन तुकडे झाले. आकडे खरे, नोंद बरोबर, पण "ओल्या महिन्यानंतर ओला महिना येतो" असं काही घडलंच नव्हतं, एकच घटना दोनदा मोजली गेली होती. मला हे फार आवडलं खरं तर, कारण रोजच्या पावसाला दिवसादिवसांची मेमरी असतेच, आज पडला तर उद्या पडायची शक्यता वाढते, आणि ती मेमरी महिन्याच्या बेरजेत जवळपास विरून जाते, पण महिन्याच्या शिवेवर थोडी सांडते. ती सांडलेली कोरड्या महिन्यात एवढी मोठी दिसली इतकंच.

त्या दोन नोंदी बाजूला ठेवून सरासरी-एसडी परत काढून हिशोब केला तर लॅग 1 0.05 च्या आसपास आला, आरामात रेषेच्या आत. एकावरच विश्वास नको म्हणून दुसऱ्या रस्त्यानेही बघितलं, मिमीऐवजी प्रत्येक महिन्यात तीस वर्षांचे नंबर लावले, सर्वात कमी पहिला, सर्वात जास्त तिसावा, बरोबरीत असतील त्यांना सरासरी नंबर, आणि त्या नंबरांचं ऑटोकोरिलेशन. यात काही काढावं लागत नाही, 41 मिमी फक्त "तिसावा" होतो, छताला टेकत नाही. त्यातही लॅग 1 0.06. मग मला बरं वाटलं.

एवढ्यावर थांबले असते पण एक शंका होती. लॅग 1 चा एक आकडा म्हणजे बाराही महिन्यांच्या जोड्यांची सरासरी. समजा भर पावसातल्या दोन महिन्यांत खरंच संबंध असेल आणि बाकी अकरा जोड्यांत काही नसेल, तर सरासरीत तो दिसणार नाही. म्हणून जोडी-जोडी वेगळी काढली, पहिल्या-दुसऱ्या महिन्याची, दुसऱ्या-तिसऱ्याची, अशा बारा. इथे प्रत्येकीत फक्त तीसेक वर्षं, म्हणून रेषा 0.36 वर जाते, म्हणजे 0.3 चा खरा संबंध असला तरी बहुतेक वेळा तो पकडला जाणार नाही. एक जोडी 0.39 आली. बारातली एक तरी बाहेर येण्याची शक्यता निव्वळ योगायोगानेही 46 टक्के असते, तर यावरून मी काही ठरवलं नाही, पण नाहीच असंही लिहिलं नाही. रिपोर्टमध्ये ती जोडी आणि तिचा आकडा जसाच्या तसा दिला. ज्या भागात समुद्राचं तापमान महिनोन्महिने एकाच बाजूला राहून पावसाचा अख्खा सीझन ओढतं, जसं एल निनोच्या वर्षांत होतं, तिथे अशा लागोपाठच्या जोड्या खऱ्या असू शकतात आणि तिथे मी असं सहज पुढे गेले नसते.

मग त्याच्या मूळ प्रश्नावर आलो. 50 मिमीची एकच पट्टी टाकून दिली. "कमी" म्हणजे त्या त्या महिन्याच्या तीस वर्षांतल्या खालच्या दहांत, असं ठरवलं, म्हणजे प्रत्येक महिन्याला शक्यता एक तृतीयांश. हे फक्त पावसाच्या पाच महिन्यांत करता येतं, कारण जिथे अठ्ठावीस शून्य आहेत तिथे खालचे दहा कोण हे सांगणारच कसं. पाच महिन्यांत सलग तिनाचे तीन गट, तीस वर्षांत नव्वद. स्वतंत्र धरून गुणाकार केला तर 27 मध्ये 1, म्हणजे नव्वदात 3.3. मोजले तर 4 निघाले. नव्वद गट तसे फार नाहीत आणि ते एकमेकांत घुसलेले आहेत, त्यामुळे याला मी पुरावा म्हणणार नाही, पण 0.198 च्या जागी 0.41 निघाल्यासारखी बोंब इथे नव्हती.

त्याने आणखी विचारलं की सरासरीची एरर काढताना 360 धरू का. लॅग 1 0.05 असेल तर उपयोगाचे आकडे होतात 360 गुणिले 0.95 भागिले 1.05, म्हणजे 326 च्या जवळ, एरर 5 टक्क्यांनी वाढते. त्या कामासाठी 5 टक्के काही नाही, धर 360, पण ऋतू काढलेल्या आकड्यांचे. तोच हिशोब 0.13 घेऊन केला असता तर 277 झाले असते, म्हणजे ती एक झड आणखी एकोणपन्नास महिने खाऊन गेली असती.

शेवटी त्याला पाठवलेलं उत्तर असं होतं, "कच्चे आकडे नाही. महिन्याची सरासरी काढून उरलेले, पावसाच्या महिन्यांत, तुझ्या कामापुरते, हो. त्या एका जोडीची नोंद कर. आणि पुढच्या वेळी स्क्रीनशॉट पाठव, फोटो नको."

चार दिवसांनी परत फोटोच आला, तिरकाच. यावेळी नदीच्या मासिक प्रवाहाचा, ऋतू आधीच काढलेले, अक्ष महिन्यांत, शून्याचा बार सोडून पुढे 0.62, 0.41, 0.27, 0.15, पायऱ्या उतरल्यासारखे. खाली लिहिलेलं, "ताई, ही मात्र खरीच मेमरी ना?" मी ठिपक्यांचा प्लॉट मागवला, त्यात एकटा बसलेला कुणी नव्हता, सगळा ढग तिरका पसरलेला. जमिनीत मुरलेलं पाणी हळूहळू नदीला येत राहतं, ते या महिन्यातून पुढच्यात जाणारच. हो म्हटलं.